भरवणं सोपं, पण कोणाला?

वॉर्डात एक रजिस्टर्ड नर्स आहे आणि तिच्या मदतीला एक नर्सिंग असिस्टंट. समोर चार रुग्ण आहेत. 72 वर्षांच्या आजींना कालच पक्षाघाताचा झटका आला, बोलणं अडखळतंय आणि आता त्यांच्या जेवणाची वेळ झाली आहे. 58 वर्षांच्या गृहस्थांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया आज सकाळी झाली आणि त्यांना पहिल्यांदाच उठून बाथरूमला जायचं आहे. 40 वर्षांच्या बाईंना पाच मिनिटांपूर्वी रक्ताची पिशवी लावली असून त्यांचं बीपी घ्यायचं आहे. चौथे रुग्ण 66 वर्षांचे. न्यूमोनियाचा आज चौथा दिवस, दोन दिवसांत ताप नाही, उद्या घरी जाणार. त्यांची आंघोळ आणि वजन राहिलं आहे. यातलं कुठलं काम असिस्टंटला सांगायचं?

अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्याचा परवाना मिळवण्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यावी लागते. भारतातून, आणि त्यात महाराष्ट्रातूनही, अनेक परिचारिका ती देतात. नेतृत्व आणि व्यवस्थापनाच्या भागात अशा धाटणीचे प्रश्न हमखास येतात. औषधशास्त्र पक्कं असलेल्या, दहा-दहा वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या परिचारिकाही इथे अडखळतात. माहिती त्यांच्याकडे भरपूर असते. चूक होते ती काही पक्क्या बसलेल्या समजांमुळे.

गैरसमज : काम सोपं असेल तर ते सोपवता येतं

अभ्यास करताना बहुतेक जणी एक यादी पाठ करतात. आंघोळ, भरवणं, चालवणं, बीपी-नाडी घेणं, लघवी मोजणं ही कामं असिस्टंटची. तपासणी, शिकवणं, नियोजन आणि परिणामांचं मूल्यमापन ही नर्सची. यादी चुकीची नाही, पण ती अर्धीच आहे. वरच्या प्रश्नातली चारही कामं याच यादीतल्या असिस्टंटच्या रकान्यात बसतात. तरी बरोबर उत्तर एकच, न्यूमोनियाच्या रुग्णाची आंघोळ आणि वजन.

आजींना भरवणं का नाही? पक्षाघातानंतर गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असू शकतात. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला, तर फुप्फुसात संसर्ग होतो आणि कधी कधी रुग्ण खोकतसुद्धा नाही. म्हणून आधी गिळण्याची चाचणी व्हायला हवी. ती होईपर्यंत आजींच्या तोंडात काहीच घालायचं नसतं, मग चमचा कोणाच्याही हातात असो. आता हाच प्रश्न थोडा बदलून पाहावा. आजींना झटका सहा महिन्यांपूर्वी आला होता, गिळायला काही त्रास नाही, फक्त उजवा हात चालत नाही म्हणून भरवावं लागतं. अशा वेळी असिस्टंटने भरवायला काहीच हरकत नाही. चमचा तोच, वरण-भात तोच, उत्तर मात्र उलटं.

पित्ताशयाच्या रुग्णाचंही तसंच. भूल आणि वेदनाशामकं यांचा अंमल असताना माणूस पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा रक्तदाब एकदम खाली येऊन घेरी येऊ शकते. त्याला उठवायचं की नाही, बसवून किती वेळ थांबायचं, चेहरा पांढरा पडला तर काय करायचं, हे ठरवत ठरवतच ते पहिलं उठणं पार पडतं. तिथे नर्स हवी. एकदा तो नीट चालून आला, की संध्याकाळी त्याला व्हरांड्यात फिरवून आणणं असिस्टंटचं काम.

रक्त चढवताना गंभीर प्रतिक्रिया येण्याचा धोका सुरुवातीला जास्त असतो. त्यामुळे पहिली साधारण 15 मिनिटं नर्स रुग्णाजवळच थांबते. थंडी वाजते का, कंबर दुखते का, श्वास जड होतो का, हे बघत असते. हा काळ सुरळीत गेल्यावर ठरलेल्या वेळी बीपी आणि ताप घेऊन सांगणं असिस्टंट करू शकते. प्रश्नात 'पाच मिनिटांपूर्वी' हे दोन शब्द उगाच आलेले नसतात.

तेव्हा प्रश्न वाचताना क्रियापदावर थांबायचं नाही, रुग्णापर्यंत जायचं. 'आत्ताच', 'पहिल्यांदा', 'काल', 'नवीन दाखल' असे शब्द दिसले, की पुढे काय होईल याची खात्री नाही असा अर्थ घ्यायचा. 'स्थिर', 'उद्या घरी जाणार', 'नेहमीचं' असे शब्द आले, की पुढचं बरंचसं अंदाजात आहे. असिस्टंटला द्यायचं काम हे ठरलेल्या पायऱ्यांचं आणि मध्येच निर्णय घ्यावा न लागणारं असावं. या एका कसोटीवर यादी पाठ नसतानाही बहुतेक प्रश्न सुटतात.

गैरसमज : मोजलं म्हणजे तपासलं

'असिस्टंटने तपासणी करायची नाही' हे वाक्य पाठ केलेल्या काही जणी बीपी घेणंसुद्धा नर्सकडे ठेवतात. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. ग्लुकोमीटरवर थेंब ठेवून आकडा वाचणं म्हणजे माहिती गोळा करणं. त्याचं प्रशिक्षण असलेली असिस्टंट ते करू शकते. तो आकडा कशाने वाढला, रुग्ण जेवला होता का, इन्सुलिन द्यायचं की डॉक्टरांना फोन करायचा, हे ठरवणं म्हणजे तपासणी आणि निर्णय. लघवीच्या पिशवीतले मिलिलिटर मोजून तक्त्यात लिहिणं आणि गेल्या चार तासांत लघवी का कमी झाली याचा विचार करणं, यांतही तोच फरक आहे.

शिकवण्याच्या बाबतीत ही रेघ आणखी बारीक होते. घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्यायच्या हे रुग्णाला समजावणं नर्सचंच काम, कारण त्याला कळलं की नाही हे तिथेच पारखायचं असतं. पण नर्सने शिकवून झालेला श्वासाचा व्यायाम 'काका, दर तासाला करायचा होता, केला का?' असं विचारून आठवण देणं असिस्टंट करू शकते. पर्यायात 'समजावा' आहे की 'आठवण करून द्या', यावर उत्तर फिरतं.

गैरसमज : अनुभव असला की कक्षा वाढते

वॉर्डात वीस वर्षं काढलेली असिस्टंट नव्या नर्सपेक्षा कितीतरी गोष्टी आधी ओळखते, हे खरंच आहे. तिने 'मला हे आजोबा बरे दिसत नाहीत' म्हटलं, तर शहाणी नर्स हातातलं काम ठेवून आधी तिकडे जाते. तरीही तपासणी आणि निर्णय तिच्याकडे सोपवता येत नाहीत. त्याचा आधार परवाना असतो, वर्षं नव्हेत. याच्याच उलट बाजूने येणारा एक प्रश्न परीक्षेत अनेकांना चकवतो. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी सुट्टीत असिस्टंट म्हणून नोकरी करते. कॉलेजच्या क्लिनिकलमध्ये तिने लघवीची नळी घातली आहे, औषधं दिली आहेत. मग ती कामं तिला इथे सांगावीत का? नाही. आज ती ज्या पदावर आहे, त्या पदाचीच कामं तिची. तिच्यामागे आज कॉलेजची शिक्षिका उभी नाही.

अमेरिकेत परवानाधारक नर्सचा आणखी एक स्तर आहे. बहुतेक राज्यांत तिला लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स म्हणतात, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात व्होकेशनल नर्स. स्थिर रुग्णाचं ड्रेसिंग किंवा तोंडाने द्यायची औषधं तिला देता येतात. पहिली तपासणी आणि पहिलं शिकवणं पुन्हा रजिस्टर्ड नर्सकडेच राहतं.

गैरसमज : आमच्या वॉर्डात हे चालतं, म्हणजे बरोबर

महाराष्ट्रातून तयारी करणाऱ्यांची सर्वात मोठी अडचण हीच. आपल्याकडे खाटा जास्त आणि सिस्टर कमी, त्यामुळे कामं मावशी, मामा, शिकाऊ मुली आणि रुग्णाचे नातेवाईक यांच्यात वाटली जातात. नाकातल्या नळीतून मुलगाच वडिलांना दूध देतो, सलाइन संपत आलं की लेक धावत सांगायला येते. हे करणाऱ्यांच्या कष्टांबद्दल आणि मायेबद्दल शंका नाही. पण एनक्लेक्सच्या प्रश्नात माणसं पुरेशी आहेत, साहित्य हाताशी आहे आणि वेळही आहे, असं धरूनच उत्तर द्यायचं असतं. नळीतून दूध देण्याआधी ती जागेवर आहे का हे बघणं तिथे नर्सचंच.

अमेरिकेतही सगळीकडे एकच नियम नाही. प्रत्येक राज्याचा नर्सिंग कायदा वेगळा आहे. काही राज्यांत खास प्रशिक्षण घेतलेल्या सहायकांना ठरावीक ठिकाणी औषधंही देता येतात. नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या सहायकांसाठी 1987 च्या केंद्रीय कायद्याने किमान 75 तासांचं प्रशिक्षण बंधनकारक केलं, काही राज्यं त्याहून जास्त मागतात. परीक्षा मात्र एखाद्या राज्याची सवलत विचारत नाही, सर्वत्र लागू पडेल असंच उत्तर मागते.

गैरसमज : सांगून मोकळं झालं की जबाबदारी संपली

2019 मध्ये अमेरिकेच्या दोन राष्ट्रीय नर्सिंग संस्थांनी कामं सोपवण्याबाबत संयुक्त मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पाच गोष्टी योग्य असाव्यात असं म्हटलं आहे : काम, परिस्थिती, व्यक्ती, सूचना आणि देखरेख. पहिल्या तिन्हींची चर्चा बरीच होते, चुका मात्र शेवटच्या दोन्हींत जास्त होतात. दिलेलं काम नीट करण्याची जबाबदारी असिस्टंटची. पण ते काम द्यायचं हा निर्णय आणि रुग्णाचं पुढे काय झालं, याला उत्तरदायी नर्स.

'सहा नंबरच्या काकांकडे जरा लक्ष ठेवा' ही सूचनाच नव्हे. लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं, किती वेळाने, आणि कधी हाक मारायची, हे असिस्टंटने कुठून ओळखायचं? त्याऐवजी नर्स म्हणेल, 'सहा नंबरच्या काकांचं बीपी आणि नाडी दहा आणि बारा वाजता घ्या. वरचं बीपी 100 च्या खाली आलं किंवा नाडी 110 च्या वर गेली, तर लिहीत बसू नका, लगेच मला सांगा. काही विचारायचंय का?' शेवटचा प्रश्नही सूचनेचाच भाग आहे. समोरच्या व्यक्तीने हे काम आधी केलं आहे का, ते तिथेच कळतं.

आणि समजा, बारा वाजता असिस्टंट येऊन सांगते की काकांचं बीपी 88/50 आहे. परीक्षेत पुढचे पर्याय बहुधा असे असतात : तिला पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्यायला सांगणं, तक्त्यात नोंद करायला सांगणं, डॉक्टरांना लगेच फोन करणं, स्वतः जाऊन रुग्णाला बघणं. घाईत अनेक जणी डॉक्टरांचा फोन निवडतात. पण डॉक्टर पहिल्यांदा विचारणार ते हेच, की रुग्ण शुद्धीवर आहे का, त्वचा गार पडली आहे का, ड्रेसिंग रक्ताने भिजलं आहे का, लघवी किती झाली. यातल्या कशाचंही उत्तर त्या क्षणी नर्सकडे नाही. रुग्णाची स्थिती बदलल्याबरोबर ते काम असिस्टंटच्या हातून नर्सकडे परत आलेलं असतं. म्हणून ती स्वतः खाटेपाशी जाते, बीपी आपल्या हाताने पुन्हा घेते, पांघरूण बाजूला करून जखम बघते आणि मग फोन उचलते.