नमुना पाठवण्याआधीचा ईमेल

छोटा कपडे ब्रँड मोठ्या दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याला नमुने देऊ करतो, तेव्हा ईमेलच्या विषयाच्या ओळीतच माल आणि नगसंख्या यावी: ‘सुती कुर्ते, ३ नमुने, परतीच्या अटींसह’. तीन डिझाइनचा प्रत्येकी एक नग, तोही मधल्या मापाचा, पुरेसा असतो. कापड आणि शिवण त्यावरून कळते. बाकीची मापे तक्त्यात देता येतात.

खर्चाचा मजकूर असा असू शकतो: ‘घाऊक दर प्रति नग ६५० रुपये, जीएसटी वेगळा. नमुने विनामूल्य पाहण्यासाठी आहेत. पाठवण्याचे कुरिअर आमच्याकडे, परतीचे आपल्याकडे.’ घाऊक दर इथेच सांगणे योग्य, कारण दर परवडत नसेल तर नमुना पाठवण्यातच अर्थ नाही.

वाद होतो तो परतीवरून. ‘पाहून परत करावे’ एवढेच लिहिले, तर कुर्ते महिनोन्‌महिने कपाटात पडून राहतात आणि हंगाम निघून जातो. म्हणून मुदत आणि अवस्था दोन्ही लिहावीत: ‘मिळाल्यापासून २१ दिवसांत, लेबलसह, न धुतलेले. मुदतीनंतर ठेवलेल्या किंवा डाग पडलेल्या नगाचे घाऊक दराने बिल होईल.’ ही अट बंधनकारक ठरावी म्हणून अधिकाऱ्याचा लेखी होकार आल्यावरच पार्सल निघावे.

सोबत डिलिव्हरी चलन जोडावे. पसंतीसाठी पाठवलेला माल सहा महिन्यांत परत आला नाही, तर जीएसटी कायद्यानुसार त्याचे बिल करावे लागते. खाद्यपदार्थांना मात्र परतीची अट लागू पडत नाही. तिथे नमुना दिला तो दिलाच.