कॅनडात येणाऱ्या आईवडिलांसाठी निमंत्रणपत्र: एक प्रत इंग्रजीत, एक मराठीत

कॅनडात राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आईवडिलांना भेटीला बोलावताना लिहिलेले पत्र त्यांच्या व्हिजिटर व्हिसाच्या अर्जाला जोडले जाते. अर्ज आईवडिलांचा असतो आणि निर्णयही त्यांच्याबद्दलच होतो. बहुतेक अर्जांत मुलाखत होत नाही. अधिकारी कागद वाचून ठरवतो. त्याच्यासमोर प्रश्न एकच असतो: ही माणसे मुदत संपण्याआधी परत जातील का? कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतील 179 वे कलम त्याला हीच खात्री करून घ्यायला सांगते. त्यामुळे मुलीला आईवडिलांची किती आठवण येते यापेक्षा ते कधी येणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार आणि परत कधी जाणार, हे पत्रात दिसावे लागते.

कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने पत्रात काय हवे ते सांगून ठेवले आहे. पाहुण्यांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन आणि बोलावणाऱ्याशी नाते. भेटीचे कारण, मुक्काम किती, राहणार कुठे, पैसे कोण भरणार, परतीची तारीख. बोलावणाऱ्याबद्दलही तितकेच हवे: पूर्ण नाव, जन्मतारीख, कॅनडातला पत्ता आणि फोन, नोकरीतले पद, नागरिकत्व आहे की पीआर (किंवा वर्क परमिट), घरातली माणसे आणि त्यांच्या जन्मतारखा. दर्जा सिद्ध करणाऱ्या कागदाची प्रत सोबत जोडायची. नोटरी मात्र व्हिसा कार्यालयाने मागितली तरच करायची असते. नोटरीचा लाल शिक्का मारला की पत्राचे वजन वाढते, ही समजूत आपल्याकडची.

आणखी एक समजूत म्हणजे असे पत्र देणे म्हणजे जामीन राहणे. साध्या निमंत्रणपत्राने कायदेशीर जबाबदारी अंगावर येत नाही, आणि पत्र चोख असले म्हणून व्हिसा मिळेलच असेही नाही.

पत्र इंग्रजीत लिहायचे, कारण अर्जाचे कागद इंग्रजी किंवा फ्रेंचमध्येच चालतात. मग मराठी प्रत कशासाठी? ती आईवडिलांसाठी असते. अर्ज त्यांच्या सहीचा, पण तो भरतो बहुधा मुलगा किंवा एजंट. पत्रात काय लिहिले आहे हे ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांनाच ठाऊक नसते. एखादा अधिकारी फोन करतो, किंवा टोरंटोच्या विमानतळावर बाबांना विचारले जाते, ‘किती दिवस राहणार?’ बाबा मोकळेपणाने सांगतात, ‘बघू, बाळ थोडं मोठं झालं की.’ पत्रात मात्र 15 फेब्रुवारी असते.

एक उदाहरण घेऊ. वडील कऱ्हाडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आई गृहिणी. धाकटा मुलगा सहकुटुंब त्यांच्याजवळच राहतो. मुलगी ब्रॅम्प्टनला, पीआर, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. नवरा, चार वर्षांचा मुलगा, आणि ऑक्टोबरमध्ये दुसरे बाळंतपण. तिने लिहिलेल्या पत्राची मराठी प्रत साधारण अशी होईल:

‘1. मी कॅनडाची कायमस्वरूपी रहिवासी असून ब्रॅम्प्टन येथे राहते. (पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, नोकरीचे पद.) घरात मी, माझे पती आणि मुलगा असे तिघे राहतो. तिघांच्या जन्मतारखा खाली दिल्या आहेत.

2. मी माझे वडील आणि आई (दोघांची पासपोर्टप्रमाणे नावे, जन्मतारखा, कऱ्हाडचा पत्ता) यांना भेटीसाठी बोलावत आहे.

3. माझे दुसरे बाळंतपण 10 ऑक्टोबर 2026 च्या सुमारास अपेक्षित आहे. त्या काळात आईवडील आमच्यासोबत असावेत अशी आमची इच्छा आहे.

4. ते 20 सप्टेंबर 2026 रोजी येतील आणि 15 फेब्रुवारी 2027 रोजी भारतात परततील. संपूर्ण मुक्काम आमच्या घरी असेल.

5. विमानाची तिकिटे वडील स्वतःच्या बचतीतून काढतील. राहणे, जेवण आणि आरोग्यविमा यांचा खर्च मी आणि माझे पती करू.

6. वडिलांना राज्य शासनाचे निवृत्तिवेतन मिळते. माझा भाऊ सहकुटुंब कऱ्हाडला त्यांच्याच घरी राहतो.’

दोन्ही प्रतींत परिच्छेदांचे क्रमांक सारखे ठेवावेत. मग फोनवर बाबांना सांगता येते, ‘चौथा परिच्छेद वाचा,’ आणि दोघांसमोर एकच मजकूर असतो. सही इंग्रजी पत्रावर करायची. मराठी प्रतीच्या माथ्यावर ‘वाचनासाठी’ एवढे लिहून ठेवले की पुरे. मराठी प्रत अर्जाला जोडू नये. अधिकाऱ्याला ती वाचता येणार नाही, आणि जोडलेल्या परभाषेतल्या प्रत्येक कागदासोबत भाषांतर द्यावे लागते.

सगळ्यात नाजूक जागा तिसऱ्या परिच्छेदात आहे. मराठीत ‘आई बाळंतपणाला येतेय’ म्हटले की कुणाला आणखी काही सांगावे लागत नाही. त्याच भावनेने मुलगी इंग्रजीत लिहून जाते की आई बाळाला सांभाळायला येणार आहे आणि मी कामावर परत रुजू होणार आहे. आजीने लेकीच्या घरी विनामोबदला नातवंडे सांभाळणे कॅनडात नोकरी धरले जात नाही. पण त्या वाक्यातून अधिकाऱ्याला वेगळेच काही कळते: या घराला सांभाळणारे माणूस हवे आहे आणि ती गरज फेब्रुवारीत संपणार नाही. म्हणून कारण भेटीचेच लिहायचे, बाळंतपणाची अपेक्षित तारीख द्यायची आणि डॉक्टरांचे पत्र जोडायचे. खरे तेच लिहायचे, पण मुक्कामाला शेवट आहे हे त्यातून दिसले पाहिजे.

चौथ्या परिच्छेदातल्या तारखांमध्ये महिना अक्षरांत लिहावा. 05/06 म्हणजे भारतात पाच जून, तर उत्तर अमेरिकेत बऱ्याच जणांसाठी सहा मे. याच तारखा आईवडिलांच्या अर्जातही जातात. IMM 5257 या फॉर्ममध्ये भेटीचे कारण, केव्हापासून केव्हापर्यंत, जवळ किती पैसे आहेत आणि कॅनडात कुणाकडे जाणार, हे सगळे विचारलेले असते. पत्रात पाच महिने आणि फॉर्ममध्ये सहा, किंवा पत्रात ‘सर्व खर्च आम्ही करू’ आणि फॉर्ममध्ये खर्च वडिलांचा, असे झाले की दोन्ही कागदांवरचा विश्वास उडतो. फॉर्म पाठवण्याआधी पत्र शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायला अर्धा तास लागतो, आणि नेमके हेच बऱ्याच घरांत राहून जाते.

दुसरा नेहमीचा घोळ नावांचा, आणि तो खास आपला. लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत महाराष्ट्रात होती आणि काही घरांत अजूनही आहे. माहेरची शालिनी सासरी सुमन झाली. पासपोर्ट सुमनचा, पण मुलीच्या जन्मदाखल्यावर किंवा मुलीच्याच पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचे नाव शालिनी. नाते सिद्ध करायला हेच कागद लागतात, तेव्हा अधिकाऱ्यासमोर दोन वेगळ्या बायका उभ्या राहतात. पत्रात पासपोर्टचेच नाव वापरावे आणि पुढे एक वाक्य घालावे की विवाहापूर्वीचे नाव शालिनी होते. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र असेल तर जोडावे. ही चूक मुलीपेक्षा आईच्या लवकर लक्षात येते. मराठी प्रत वाचता वाचता ती म्हणते, ‘अगं, तुझ्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव आहे.’

पाचव्या परिच्छेदात केवळ आश्वासन पुरत नाही. मुलीच्या बाजूने नोकरीचे पत्र, पगाराच्या स्लिपा आणि कॅनडाच्या कर खात्याने दिलेली नोटीस ऑफ असेसमेंट जोडली की उत्पन्न दिसते. वडिलांच्या बाजूने बँकेचे स्टेटमेंट; त्यात पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होताना दिसते. अर्ज करायच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक पाच लाख आले, तर ते कुठून आले हा प्रश्न उभा राहतोच.

सहाव्या परिच्छेदाचे पुरावे बहुतेक मराठीत असतात: सातबारा, घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा दाखला. येथे दोन भाषांचा नियम उलट्या बाजूने लागू होतो. प्रत्येक कागदाचे इंग्रजी भाषांतर हवे, मूळ कागदाची प्रत हवी, आणि भाषांतरकार प्रमाणित नसेल तर भाषांतर अचूक असल्याचे त्याचे प्रतिज्ञापत्र हवे. अर्जदाराने स्वतः किंवा घरच्या माणसाने केलेले भाषांतर चालत नाही, मग तो मुलगा वकील असला तरी. सातबाराचे भाषांतर करवून घेताना ‘भोगवटादार’, ‘इतर हक्क’ अशा रकान्यांचा अर्थ कंसात सोप्या इंग्रजीत द्यायला सांगावे, नाहीतर शेत कुणाचे हेच कळत नाही. सगळे उतारे गोळा करून गठ्ठा वाढवण्यात अर्थ नाही. वडिलांच्या नावावरचा एक सातबारा आणि घराचा एक कागद पुरेसा बोलतो.

मुक्काम मोठा असेल तर सुपर व्हिसा हा वेगळा प्रकार आहे. तो 2011 मध्ये सुरू झाला आणि जुलै 2022 पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. तो केवळ नागरिकांच्या आणि पीआर असलेल्यांच्या आईवडिलांना व आजीआजोबांना मिळतो. त्यासाठीच्या पत्रात आर्थिक आधाराचे लेखी वचन आणि घरातल्या माणसांची यादी असावी लागते, आणि माणसे मोजताना येणारे आईवडीलही त्यात धरतात. उत्पन्नाची किमान मर्यादा त्या संख्येवर ठरते. शिवाय वैद्यकीय तपासणी, आणि किमान एक वर्षाचा, एक लाख कॅनडियन डॉलरचे संरक्षण देणारा विमा लागतो. उदाहरणातल्या कुटुंबाला पाच महिन्यांसाठी साधा व्हिजिटर व्हिसा पुरतो. त्यावर सहसा सहा महिन्यांपर्यंत राहू देतात.

व्हिसा लागला तरी पत्राचे काम संपत नाही. आत सोडायचे की नाही आणि किती दिवस, हे कॅनडाच्या विमानतळावरचा सीमा अधिकारी ठरवतो. व्हिसावरची अखेरची तारीख ही प्रवेश करण्याची मुदत असते, राहण्याची नव्हे. म्हणून इंग्रजी आणि मराठी दोन्ही प्रती, परतीचे तिकीट आणि मुलीचा फोन नंबर आईच्या हातातल्या पर्समध्ये असावा. चेक-इन केलेल्या बॅगेतले कागद त्या रांगेत हाती लागत नाहीत. अधिकाऱ्याने शिक्क्यावर हाताने तारीख लिहिली तर राहण्याची मुदत तीच. काहीच लिहिले नसेल तर आल्या दिवसापासून सहा महिने मोजायचे.