सहा मुली, एक हॉल आणि निजानीज

मुलगी दहा वर्षांची होते आणि वाढदिवसाला केक-फुग्यांऐवजी एकच मागणी करते: मैत्रिणींना रात्री आपल्याकडे राहायला बोलवायचं. आईबाबा होकार देतात आणि लगेच खेळांची, खाण्याची यादी करायला बसतात. खरं तर कागदावर सगळ्यात आधी लिहायची ती दिवे मालवायची वेळ. संध्याकाळ मुलं स्वतःच रंगवतात, त्याची काळजी मोठ्यांनी करायला नको. अशा मुक्कामाची घडी बहुतेक वेळा नऊ वाजल्यानंतर विस्कटते. म्हणून आखणी उलट्या दिशेने, झोपेपासून मागे मागे यायची.

उदाहरण म्हणून दोन बेडरूमच्या साध्या फ्लॅटमधला शनिवार घेऊ. घरची मुलगी आणि पाच पाहुण्या, अशा एकूण सहा जणी. सहा हा आकडा सोयीचा, कारण तिघी-तिघींचे दोन संघ होतात, जोडीच्या खेळात तीन जोड्या होतात आणि कुणी एकटी उरत नाही. पाच किंवा सात असल्या की प्रत्येक खेळात कुणाला तरी बाजूला बसावं लागतं, आणि बहुधा ती दर वेळी तीच मुलगी असते.

या वयाच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. नवीन जागा, शेजारी मैत्रिणी आणि डोक्यात उत्साह असताना मुली रोजच्या वेळेला झोपतील अशी अपेक्षा फोल आहे. साडेनऊला दिवे मालवले तर दोन तास दटावण्यातच जातील. साडेदहा ही वेळ धरली तर सव्वाअकरापर्यंत बहुतेकींचा डोळा लागतो आणि सकाळी सात-साडेसातला जाग येते. झोप तास-दीड तासाने कमी पडतेच. ती रविवारी भरून काढता यावी, म्हणूनच मुक्काम शनिवारचा ठेवायचा.

आधीचा फोन

निमंत्रण ग्रुपवर पाठवलं तरी प्रत्येक घरी एक फोन करावा. त्यात चार गोष्टी विचाराव्यात. खाण्यातलं काही बाधतं का, अंडं चालतं का? दमा किंवा इतर काही त्रास आणि औषध आहे का? याआधी कधी आईबाबांशिवाय बाहेर राहिली आहे का? आणि रात्री झोपेचं काही वेगळं आहे का, म्हणजे अंधाराची भीती, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं?

शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण तो सहज सुरात विचारावाच. दहाव्या वर्षीही साधारण वीसातल्या एका मुलाचं अंथरूण अधूनमधून ओलं होतं. घरचे लोक ते स्वतःहून सांगत नाहीत आणि मूल मात्र रात्रभर धास्तावून जागं राहतं. उपाय सोपा आहे. सगळ्याच गाद्यांवर चादरीखाली प्लॅस्टिकचं किंवा रबरी कापड घालायचं, म्हणजे कुणा एकीची गादी वेगळी दिसत नाही. त्या मुलीला संडासाच्या वाटेजवळची जागा द्यायची आणि आपण झोपायला जाताना तिला हळूच उठवून जाऊन यायला सांगायचं.

याच फोनवर आपणही सांगायचं, की रात्री घरात कोण कोण मोठी माणसं असतील. मामा किंवा दादाचे मित्र मुक्कामाला असतील तर तेही स्पष्ट सांगावं, कारण समोरच्या आईला नेमकं हेच विचारायचं असतं आणि जीभ रेटत नसते. मुली कपडे बाथरूममध्ये कडी लावून बदलतील, आपण शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून झोपू, हेही सांगून टाकावं. आणि एक ठरवून घ्यावं: मध्यरात्री मुलीला घरी जावंसं वाटलं, तर न्यायला कोण येईल?

आधी धावायचं, मग बसायचं

संध्याकाळ वरून खाली उतरत गेली पाहिजे. साडेपाचला मुली जमल्या की सरळ खाली, सोसायटीच्या आवारात. लगोरी, डबा ऐसपैस, साखळी, जे काही असेल ते, पण घाम निघाला पाहिजे. सातला वर येऊन कोमट पाण्याने पटकन अंघोळी. सहा जणी आणि दोन बाथरूम म्हणजे पाऊण तास लागतो, तो हिशेबात धरायचा. तेवढ्यात बाकीच्या पत्ते खेळतात.

जेवण आठपर्यंत उरकावं. पावभाजी, मिनी इडल्या किंवा पोळीचे रोल, काहीही चालेल. नवलाचे पदार्थ टाळावेत, कारण अर्धपोटी राहिलेली मुलगी रात्री अकराला भूक लागली म्हणून उठते. गोडाने मुलं चेकाळतात असं घरोघरी मानलं जातं, पण 1995 साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा साखरेचा मुलांच्या वागण्यावर असा परिणाम दिसला नव्हता. चेकाळणं येतं ते घोळक्यामुळे. त्यामुळे केकची फार भीती नको. टाळायचं ते रात्रीचं कोला आणि कोल्ड कॉफी. त्यातलं कॅफीन साधारण पाच तासांनी निम्मं उरतं, म्हणजे आठला प्यायलेल्या ग्लासातलं अर्धं रात्री एकलाही अंगात असतं.

घरी फोन करायचा असेल तर तो जेवणाआधीच. झोपताना आईचा आवाज ऐकला की दिवसभर मजेत असलेल्या मुलीचेही डोळे भरून येतात. फोन झाला की सगळ्यांचे मोबाइल एका डब्यात, घरच्या मुलीचाही.

सव्वाआठ ते सव्वानऊ हा शेवटचा दंग्याचा तास, पण बसून. दोन संघांत दमशेराज, नाहीतर अंताक्षरी. सिनेमा दाखवायचा असेल तर तो साडेसातला जेवणाबरोबरच सुरू करून या खेळांच्या जागी दाखवायचा. नऊला लावलेला सिनेमा अकराला संपतो आणि झोप आणखी पुढे ढकलतो. भुताच्या गोष्टी मुली स्वतःच काढतात. त्या उजेडात आणि आठच्या आत होऊ द्याव्यात, अंथरुणावर मात्र बंदी.

गाद्यांचा हिशेब

सव्वानऊला दात घासणं, रात्रीचे कपडे आणि गाद्या घालणं. हे काम मुलींकडूनच करून घ्यायचं, पण जागा आधी मोजून ठेवायची. समजा, सोफा भिंतीला सारून आणि टीपॉय बाहेर काढून हॉलमध्ये दहा फूट बाय बारा फूट मोकळी जागा उरते. अडीच फूट रुंद आणि सहा फूट लांब अशा सहा गाद्या एका रांगेत घातल्या तर पंधरा फूट लागतील, म्हणजे मावणार नाहीत. तीन-तीनच्या दोन रांगा केल्या तर साडेसात फूट बाय बारा फूट लागतात आणि बाजूला अडीच फुटांची वाट उरते. ही वाट रात्री संडासाला जायला मोकळीच ठेवायची, तिथे पिशव्या नकोत.

दोन रांगांत डोकी मधोमध एकत्र आली की सहाही जणींची एकच गप्पांची बैठक होते. म्हणून पाय मध्ये आणि डोकी दोन्ही भिंतींकडे ठेवावीत. मग कुजबूज तिघी-तिघींत राहते आणि लवकर विरते.

कुणी कुणाशेजारी झोपायचं हा रात्रीतला सगळ्यात नाजूक प्रश्न. ‘मी हिच्याच शेजारी’ सुरू झालं की कुणीतरी एकटी पडते, आणि ते दुखणं सोमवारी शाळेत जातं. त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात. फक्त पहिल्यांदाच बाहेर राहणारी आणि रात्री उठणारी, अशा दोघींना वाटेकडच्या जागा आपण आधीच देऊन ठेवायच्या आणि त्याची चर्चा करायची नाही. उशी आणि पांघरूण प्रत्येकीने घरूनच आणावं. ओळखीचा वास झोपेला मदत करतो. झिरोचा दिवा हॉलऐवजी पॅसेजमध्ये लावावा. खिडक्यांना जाळ्या नसतील तर तिन्हीसांजेच्या आधी त्या लावून घ्याव्यात. कुणाला दमा असेल तर डासांची कॉइल किंवा मशीन लावू नये.

साडेनऊनंतर

गाद्या पडल्या की मुलींना त्यावर उड्या मारायच्याच असतात. पाच मिनिटं मारू द्याव्यात. त्यानंतर हाताला काम हवं. कापडावर चालणारे स्केचपेन आणि सहा पांढरे अभ्रे आणून ठेवले की प्रत्येक जण आपल्या उशीचा अभ्रा रंगवते. अर्ध्या तासात घर आपोआप शांत होतं, कारण सगळ्यांच्या माना खाली असतात. दहाला अभ्रे वाळत टाकायचे आणि मोठा दिवा बंद करून एका मोठ्या माणसाने गोष्ट वाचून दाखवायची. गोष्ट शक्यतो त्यांना माहीत असलेली, पुढे काय होणार याची उत्कंठा नसलेली. साडेदहाला पुस्तक मिटायचं.

त्यानंतरची अर्धा तास कुजबूज मोजायची नाही. अकरालाही हसणं थांबलं नसेल तर दारातून ओरडू नये. आत जाऊन वाटेवर खुर्ची टाकून गप्प बसावं. मोठं माणूस खोलीत बसलं की गप्पा पाच-दहा मिनिटांत मंदावतात.

सगळ्या झोपल्यावर एखादी जागी राहते, पोट दुखतं म्हणते. पुष्कळदा ते घरच्या आठवणीचं दुखणं असतं. तिला स्वयंपाकघरात न्यावं, पाणी द्यावं आणि इकडचं तिकडचं बोलावं. ‘एवढी मोठी झालीस आणि रडतेस?’ हे वाक्य चुकूनही नको. आमच्या खोलीत गादी घालू का, असं विचारावं. अर्ध्या तासानेही रडू थांबत नसेल, किंवा ताप, उलटी असेल, तर ठरल्याप्रमाणे घरी फोन. सकाळी बाकीच्यांना एवढंच सांगायचं, की तिला घरी जावंसं वाटलं आणि ती गेली.

सकाळ लांबवू नये

एक जण सहालाच उठते. तिच्यासाठी स्वयंपाकघरात पुस्तक किंवा कोडी ठेवावीत, नाहीतर ती सगळ्यांना उठवते. आठला पोहे आणि दूध, मग प्रत्येकीने आपलं अंथरूण गुंडाळायचं आणि पिशवीत चिकटवलेल्या यादीप्रमाणे सामान भरायचं. न्यायला यायची वेळ साडेनऊ, आणि ती निमंत्रणातच लिहिलेली असावी. ‘सावकाश या’ म्हटलं की कुणी नऊला येतं, कुणी बाराला. अपुऱ्या झोपेच्या मुली दहानंतर क्षुल्लक गोष्टींवरून भांडू लागतात आणि शेवटी उरलेली एकटीच दाराकडे बघत बसते.

निरोप देताना प्रत्येक घरच्यांना तीन गोष्टी सांगाव्यात: किती वाजता झोपली, औषध घेतलं का, रात्री उठली होती का. दुपारी झोपवायचं असेल तर तीनच्या आत तासभर, म्हणजे रात्रीची झोप बिघडत नाही.

सगळ्या गेल्यावर घरची मुलगी चिडचिड करते, कधी रडतेही. आदल्या संध्याकाळपासून तिने आपली खोली, आपली खेळणी आणि आपले आईबाबा पाच जणींत वाटून घेतलेले असतात. म्हणून रविवारी तिच्यासाठी क्लास, पाहुणे किंवा लग्नाचं जेवण असं काही ठेवू नये, आणि पुढचा मुक्काम कधी, हे निदान त्या दिवशी तरी कुणी विचारू नये.