देवनागरी आहे, पण नाणं भारताचं आहे का?

ओळखीच्या एका बाईंनी मला सासूबाईंच्या डब्यात सापडलेल्या नाण्याचा फोटो पाठवला. पांढरट, हलकं, अॅल्युमिनियमचं नाणं. अक्षरं देवनागरी आणि साल २०४०. त्यांना वाटलं, नाणं खोटंच असणार. ते साल अजून उजाडलेलंच नाही!

देवनागरी दिसली की आपण नाणं भारताचं धरून चालतो, आणि चूक तिथेच होते. स्वतंत्र भारताच्या नाण्यावर देवनागरीबरोबर रोमन लिपी असतेच आणि साल इंग्रजी आकड्यांत असतं. दोन्ही बाजूंचे फोटो पाहूनही एक रोमन अक्षर किंवा इंग्रजी आकडा सापडला नाही, तर नाणं आजच्या भारताचं नाही. म्हणून मी त्यांच्याकडे मागची बाजू मागितली. दुसरा फोटो खिडकीजवळ, उजेड तिरपा पडेल असा काढायला सांगितलं. झिजलेल्या अक्षरांना समोरून फ्लॅश मारला की ती पुसून गेल्यासारखी दिसतात. तिरप्या उजेडात त्यांच्या कडांची सावली पडते आणि ती वाचता येतात.

नव्या फोटोत कडेला ‘श्री ५’ दिसलं आणि कोडं सुटलं. हा नेपाळच्या राजाचा मान, नावाआधी पाच वेळा ‘श्री’. तिथला पाचाचा आकडाही आपल्या वळणाचा नसतो, त्यामुळे अनेकांना तो चटकन ओळखू येत नाही. साल विक्रम संवताचं. त्यातून ५७ वजा केले की १९८३ येतं. नेपाळी वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या महिन्यांसाठी ५६ वजा करायचे. म्हणजे हे नाणं राजे वीरेंद्रांच्या काळातलं.

याच्या उलट फसगत आपल्या घरच्या नाण्यांत होते, आणि ती मला जास्त चुटपुट लावते. बडोद्याच्या सयाजीरावांच्या तांब्याच्या पैशावर १९४८ असं साल दिसतं. पाहणारा म्हणतो, स्वातंत्र्यानंतरचं आहे, आणि बाजूला ठेवतो. पण तोही संवतच! ते नाणं १८९१-९२चं, बडोदा संस्थानाच्या टाकसाळीतलं. अशा पैशावर तलवार आणि घोड्याचा खूर दिसतो का, ते आधी बघावं. संस्थानाचं नाव शोधत बसण्यापेक्षा ही खूण लवकर सापडते.

फोटोवरून देश कळतो, क्वचित राजाही कळतो. अस्सल-नक्कल मात्र ठरत नाही. त्यासाठी वजन आणि व्यास मोजावा लागतो, म्हणून नाण्याशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. आणि तांब्याचं नाणं फोटोत उठून दिसावं म्हणून चिंचेनं घासू नये. घासल्यावर चकाकी येते, पण झिजलेल्या अक्षरांच्या उरल्यासुरल्या रेघाही जातात. त्या बाईंनी तसं केलं असतं, तर ‘श्री’पुढचा तो पाच मला दिसलाच नसता.