वॉशिंग मशीनचं पाणी अडतं कुठे?

टॉप लोड मशीन मध्येच थांबलं की आधी झाकण उघडून आत पाणी आहे का ते पाहावं. पाणी गेलेलं आहे आणि ओले कपडे एका बाजूला गोळा झालेत, तर मशीनचा तोल गेलाय. कपडे सारखे पसरून झाकण लावलं की बहुतेक वेळा काम पुढे सरकतं. टबात पाणी तसंच असेल तर गोष्ट वेगळी. पातळी मोजणारा सेन्सर ‘पाणी उतरलं’ असं कळवत नाही तोवर मशीन कपडे पिळायला घेतच नाही. काही मिनिटं वाट पाहून ते थांबतं आणि पडद्यावर खूण दाखवतं. एलजीच्या मशीनवर ती OE असते, सॅमसंगवर 5C किंवा 5E.

आता पंप बिघडला असं धरून चालू नये, कारण आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पंप नसतोच. टबाच्या तळाशी रबरी व्हॉल्व्ह असतो. वेळ झाली की ड्रेन मोटर नावाची छोटी मोटर तो ओढून उघडते आणि पाणी आपल्या वजनानेच वाहून जातं. काही मॉडेलांना मात्र खरा पंप असतो. कंपनीच्या पुस्तिकेत ड्रेन पाइप जमिनीवर टाका असं सांगितलं असेल तर तुमचं मशीन व्हॉल्व्हचं. साधारण कमरेइतक्या उंचीवर अडकवा असं असेल तर पंपाचं.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते एका शेजाऱ्यांकडे दिसलं. त्यांनी साडेसहा किलोचं व्हॉल्व्हवालं मशीन बाथरूममधून ड्राय बाल्कनीत हलवलं. पाइप पुरेना म्हणून जादा तुकडा जोडला आणि उंबऱ्यावरून परत बाथरूममध्ये नेला. तेव्हापासून खळबळायच्या वेळी मशीन थांबू लागलं. नीट पाहिल्यावर कळलं की सुरुवातीला पाणी जोरात जातं, मग धार बारीक होते आणि दर वेळी तळाशी साधारण तेवढंच पाणी उरतं. दोष ओळखायला एवढं पुरेसं होतं. पंपाचा जोर नसेल तर टबातली पातळी उंबऱ्याच्या उंचीपर्यंत आली की पाण्याला रेटणारं काही उरत नाही. जोडलेला तुकडा काढला, मशीनचा मूळ पाइप बाल्कनीच्या फरशीवर आडवा टाकला आणि फक्त स्पिन लावलं, कारण स्पिनच्या आधी मशीन पाणी सोडतंच. दोन-तीन मिनिटांत टब रिकामा झाला. मग पाइप बाल्कनीतल्याच जाळीशी नेला. त्याचं टोक जाळीत खोल खुपसलं नाही, कारण ते साचलेल्या पाण्यात बुडलं तरी प्रवाह मंदावतो.

या घरात तोवर रोज लिंट फिल्टरची पिशवी धुतली जात होती. हा गैरसमज घरोघरी आहे. टबाच्या भिंतीवरची ही जाळीची पिशवी पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर नसतेच. धुताना खालून वर फिरणारं पाणी तिच्यातून गाळलं जातं. त्यामुळे ती धुतल्याने आधीच तुंबलेली वाट मोकळी होत नाही. पण पिशवी भरलेली किंवा फाटलेली असेल तर टॉवेलांचा, चादरींचा तंतू तिच्यात न अडकता पाण्यात फिरत राहतो आणि पुढे व्हॉल्व्हपाशी किंवा पंपात साचतो. म्हणून दर दोन-चार धुण्यांनंतर ती उलटी करून नळाखाली धुवावी आणि फाटली तर लगेच बदलावी.

पाइप सरळ, मोकळा आणि जमिनीवर असूनही पहिल्यापासूनच बारीक धार येत असेल, तर अडथळा आत आहे. स्पिन लावून मशीनच्या तळाशी कान द्यावा. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये मोटर ओढल्याचा आवाज येतो आणि पाणी मात्र येत नाही, तर व्हॉल्व्हपाशी तंतूंचा लगदा, नाणं किंवा बाळाचा मोजा अडकलेला असू शकतो. पंपाचं मशीन नुसतं घुमत असेल तर पंपाच्या पात्यांत काहीतरी अडकलंय. दोन्हींत काहीच आवाज नसेल तर मोटर, पंप किंवा त्यांच्याकडे जाणारी वायर तपासावी लागेल. फ्रंट लोडसारखं पुढून उघडणारं फिल्टरचं झाकण टॉप लोडला सहसा नसतं. ते शोधण्यात वेळ घालवू नये.

व्हॉल्व्ह उघडायला मशीन कलतं करून तळातून किंवा मागची पट्टी काढून हात घालावा लागतो. वॉरंटी असेल तर हे काम कंपनीच्या माणसावरच सोडावं. त्याला बोलावण्याआधी प्लग काढून, नळ बंद करून टबातलं पाणी मग्ग्याने उपसून ठेवावं, आणि पाणी पहिल्यापासूनच संथ होतं की शेवटी अडलं, मोटरचा आवाज आला की नाही, हे त्याला सांगावं. एवढ्यावरून व्हॉल्व्ह साफ करायचा आहे की मोटर बदलायची, हे त्याला बरंचसं कळतं आणि नको तो भाग बदलला जात नाही.