सात मिनिटं की चौदा?

माहलरच्या पाचव्या सिम्फनीतला ‘अडाजिएट्टो’ फक्त तंतुवाद्यं आणि हार्पसाठी आहे. मेंगेलबर्गच्या १९२६च्या ध्वनिमुद्रणात तो सुमारे सात मिनिटांत संपतो. हायटिंकने १९८८मध्ये बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून तोच जवळपास चौदा मिनिटं वाजवून घेतला. स्वर तेच! मेंगेलबर्गची व्हायोलिनं मींड घेतल्यासारखी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतात, सुरावट एका दमात पुरी होते. हे माहलरने आल्माला लिहिलेलं प्रेमपत्रच, अशी नोंद त्याने आपल्या प्रतीत केली होती. हायटिंककडे स्वर इतके लांबतात की सुरावटीचा धागा हातातून निसटतो, हार्पचे सुटे स्वर एकेकटे ऐकू येतात. प्रेमाचा शोक होतो. माहलरने ‘अतिशय संथ’ लिहिलंय खरं, तरी मला मेंगेलबर्गच पटतो.