दोन पगार, एक गृहकर्ज आणि कराचा हिशेब

गृहकर्जामुळे कर वाचतो, हे मध्यमवर्गीय घरात गृहीत धरलेले सत्य आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनी हिशेब मांडला, तर बहुतेक नव्या जोडप्यांच्या बाबतीत ते टिकत नाही.

पुण्यातले एक जोडपे घ्या. तिचा वार्षिक पगार १८ लाख, त्याचा ११ लाख. राहत्या घरावर ५० लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता सुमारे ४३,४०० रुपये. पहिल्या वर्षी भरलेल्या जवळपास सव्वापाच लाखांपैकी सव्वाचार लाख नुसते व्याजात जातात.

करप्रणाली प्रत्येकाने स्वतंत्रपणे निवडायची असते. नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही, त्यामुळे त्याचा प्रश्न तिथेच मिटतो. तिला नव्या प्रणालीत उपकरासह १,५०,८०० रुपये कर येतो. जुन्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाचे कमाल दोन लाख, मुद्दल आणि पीएफ मिळून दीड लाख, आरोग्यविम्याचे २५,००० आणि प्रमाणित वजावटीचे ५०,००० वजा केले, तरी कर २,३४,००० होतो. म्हणजे गृहकर्जाची सवलत घेण्याच्या हट्टापायी तिचे ८३,००० रुपये जास्त जातील. जुनी प्रणाली तिला परवडायची, तर एकूण वजावटी ६ लाख ९० हजारांच्या पुढे जायला हव्यात. स्वतःच्या घरात राहून घरभाड्याची सवलत मिळत नसल्याने तो आकडा गाठणे अवघडच.

नव्या प्रणालीत तिच्यासाठी एक मोठी वाट उरते. कंपनीने पगाराच्या रचनेतच मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत रक्कम एनपीएसमध्ये भरली, तर ती करमुक्त असते. मूळ वेतन साडेसात लाख असेल, तर वर्षाला जवळपास २२,००० रुपये कर वाचतो. मात्र हा पैसा मुख्यतः निवृत्तीपर्यंत अडकतो, म्हणून आपत्कालीन निधी तयार होण्याआधी यात शिरू नये.

पीएफ, व्यवसाय कर आणि टीडीएस कापून दोघांच्या हातात महिन्याला साधारण २ लाख १५ हजार येतात. हप्ता गेल्यावर घरखर्चाला ७०,००० आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या विमा, मालमत्ता कर, सणवार अशा खर्चांसाठी १५,००० बाजूला ठेवावेत. हे शेवटचे बाजूला न काढणाऱ्यांचीच मार्चमध्ये क्रेडिट कार्डावर भिस्त असते. उरलेल्यातून ३०,००० आपत्कालीन निधीत, ३०,००० एसआयपीत, बाकीचे दोघांच्या खासगी खर्चाला.

हप्ता धरून सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे पावणेआठ लाख, साठायला दोन वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. त्यानंतर तेच ३०,००० दरमहा मुद्दलात भरले, तर कर्ज २० ऐवजी सुमारे साडेनऊ वर्षांत फिटते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर त्यासाठी दंड आकारता येत नाही. मात्र जादा भरणा केल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी, असे बँकेला लेखी कळवावे आणि नव्या परतफेड तक्त्यात शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली आहे का, ते तपासावे.